मोत्याचा डोळा आणि पाऊचवरची अक्षरं

पावणेसात

स्टुडिओचं शटर वर केलं की पहिलं काम फरशी पुसायचं. आज साध्या पाण्याने. फिनेल टाकलं की कुत्रा आल्याआल्या कोपरान्‌कोपरा हुंगत बसतो आणि पहिला तास त्यातच जातो, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. एसी तेवीसवर लावून ठेवला. माणसांना थोडं गार वाटेल, पण फोटो माणसांचा नाही.

आजचं काम कागदावर एका ओळीचं आहे : कुत्र्यांच्या ग्रेव्हीचं पाऊच, शेजारी प्रेमळ लॅब्राडॉर, दोन्ही लख्ख दिसले पाहिजेत. नारळ, ताट, साबण यांच्याबाबतीत ही ओळ सोपी असते. इथे एक वस्तू हलत नाही पण चकाकते, दुसरी चकाकत नाही पण एक क्षण गप्प बसत नाही.

सव्वासात

आधी पाऊच. कुत्रा यायच्या आत ते उभं राहिलं पाहिजे.

बाजारात मिळतं ते भरलेलं पाऊच फोटोला उपयोगी नाही. ग्रेव्ही आत बंद करून ते मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात एकशेवीस अंशांच्या आसपास शिजवलेलं असतं. त्यात त्याच्या अंगावर सुरकुत्या पडतात आणि पोट एका बाजूला सुटतं. म्हणून ग्राहकाकडून मी कोरी पाऊच मागवते : छापलेली, तीन बाजूंनी सील केलेली, तळ उघडा. आज वीस आली आहेत. त्यातली सहा पहिल्याच नजरेत बाद झाली. एकाचं सील वाकडं, दोघांच्या मधोमध घडी, बाकीच्यांवर लाल शाईची हलकी रेघ.

भरण्याचंही एक शास्त्र आहे. पूर्वी मी तांदूळ भरायचे. डोळ्यांना दिसायचं नाही, पण बाजूने दिवा पडला की पुढच्या पत्र्यावर बारीक फोड उठायचे, जणू पाऊचला गोवर आलाय. आता पुढच्या बाजूला आतून पातळ फोमची शीट, तिच्यामागे साबुदाणा. साबुदाणा फुगवटा देतो, फोम तो सपाट करतो. मग तळ चिकटवायचा आणि हेअर ड्रायरची मंद गरम हवा लांबून फिरवायची. जवळ नेलात तर वरची फिल्म आकसते आणि लोगोचा एक कोपरा ओढल्यासारखा दिसतो. तसं एक पाऊच आज गेलंच. ते मी बाजूला ठेवलं, दिवे लावायला उपयोगी पडेल.

हे सगळं सुती हातमोजे घालून. बोटाचा ठसा नंतर पुसता येतो, पण पुसताना फिल्मवर स्थिर वीज तयार होते आणि मग अर्ध्या खोलीतली धूळ त्या पाऊचवर येऊन बसते. आज तर धुळीबरोबर केसही असणार.

साडेआठ

एजन्सीने पाठवलेल्या लेआउटमध्ये कुत्रा ताठ बसला आहे आणि पाऊच त्याच्या पंजाशी जमिनीवर उभं आहे. चित्रात छान दिसतं, कारण चित्रकाराने पाऊच कुत्र्याच्या छातीएवढं काढलंय. खरं पाऊच चौदा सेंटिमीटर उंच. बसलेल्या लॅब्राडॉरचं डोकं जमिनीपासून पाऊण मीटरच्या वर.

मी माप घेऊन बसले. माझी लेन्स १०० मिलिमीटरची, कॅमेरा ४५ मेगापिक्सेलचा. बसलेला अख्खा कुत्रा उभ्या फ्रेममध्ये मावायला तीन मीटर मागे जावं लागतं. तिथून कुत्र्याजवळचा एक मिलिमीटर कॅमेऱ्यात जेमतेम आठ पिक्सेल घेतो. पाऊचच्या पुढच्या बाजूवर सर्वांत बारीक ओळ आहे ती सव्वा मिलिमीटर उंचीची, म्हणजे दहा पिक्सेल. दहा पिक्सेलमध्ये इंग्रजी अक्षर कसंबसं तग धरतं. देवनागरीचा उकार, वरचा अनुस्वार आणि शिरोरेघ यांची एक गुठळी होते. फोकस कितीही अचूक असू दे, पिक्सेलच पुरत नसतील तर अक्षर वाचता येत नाही.

उपाय दोन. पाऊच कुत्र्याच्या खूप पुढे, कॅमेऱ्याजवळ आणायचं, किंवा कुत्र्यालाच पाऊचच्या उंचीवर आणायचं.

पहिला उपाय मी एकदा केला होता आणि त्याची फळं भोगली. कुत्र्यावर फोकस करून पुढे खरं पाऊच ठेवलं, मग कुत्रा गेल्यावर पाऊचवर फोकस करून दुसरा फोटो काढला. दुसरा फोटो पहिल्यावर चिकटवला की झालं, असं वाटलं होतं. पण पहिल्या फोटोतलं धूसर पाऊच खऱ्या पाऊचपेक्षा रुंद असतं, त्याच्या कडा चारी बाजूंना पसरलेल्या असतात. कडक पाऊच त्यावर ठेवल्यावर भोवती लालसर धुकं उरलं. ते पुसायला गेलं तर त्याच्या मागे कुत्र्याच्या छातीचे केसच नाहीत, कारण धुक्याने ते झाकलेले. आमच्या रिटचिंगवाल्या ताईने त्या कुत्र्याची छाती दोन दिवस हाताने रंगवली. तेव्हापासून दिवाळीला तिच्याकडे फराळाचा डबा मी न चुकता नेते.

म्हणून आज दुसरा उपाय. कुत्रा बसणार नाही, पोटावर बसेल : पुढचे पाय समोर, कोपर जमिनीला, मान वर. तसा बसला की डोळा जमिनीपासून सुमारे अडतीस सेंटिमीटरवर येतो. पाऊच पंधरा सेंटिमीटर उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवलं की ते थेट त्याच्या गालाशेजारी येतं. आडवी फ्रेम, अंतर दोन मीटर. आता एका मिलिमीटरला बारा पिक्सेल. सव्वा मिलिमीटरच्या अक्षराला पंधरा. दहाचे पंधरा झाले म्हणजे फार काही झालं असं वाटत नाही, पण भिंगातून बघितलं तर उकार उकारासारखा दिसू लागतो.

याची किंमत खोलीत मोजावी लागते. जवळ गेलं की फोकसचा पट्टा अरुंद होतो. एफ ११ ला दोन मीटरवर छापील तक्ता म्हणतो की पट्टा सव्वीस सेंटिमीटरचा. तो तक्ता पोस्टकार्डाएवढ्या फोटोसाठी ठीक आहे. हा फोटो दुकानाच्या दारावर माणसाच्या उंचीचा लागणार आणि लोक हातभर अंतरावरून पाऊचवरची ओळ वाचणार. त्या हिशेबाने मी पट्टा नऊ सेंटिमीटरच धरते. लॅब्राडॉरचं नाक डोळ्यांपासून दहा सेंटिमीटर पुढे असतं.

म्हणजे कुत्र्याने थेट कॅमेऱ्याकडे तोंड केलं तर डोळे आणि नाक दोन्ही मिळणार नाहीत. पण मान पाऊचकडे अर्धी वळवली, तर नाक आणि जवळचा डोळा यांच्यातलं अंतर कॅमेऱ्याच्या दिशेने सातच सेंटिमीटर उरतं. लांबचा डोळा किंचित मऊ होईल. तो मी सोडून देते, बघणाऱ्याची नजर जवळच्या डोळ्यावरच जाते.

पाऊच कुठे ठेवायचं हेही आता ठरलं : जवळच्या डोळ्याच्या दोन सेंटिमीटर पुढे. फोकस पाऊचवर. नाक पट्ट्याच्या पुढच्या काठावर, डोळा आत.

पावणेदहा

एजन्सीतले दोघं आले. लेआउटमधला बसलेला कुत्रा गेला म्हणून तोंडं जराशी पडली. "क्लायंटनी ताठ कुत्रा मंजूर केलाय," एक जण म्हणाला. मी त्याला दोन्ही मापं लॅपटॉपवर दाखवली, आणि बाद पाऊचवरची तीच ओळ दोन्ही अंतरांवरून काढून शंभर टक्के मोठी करून शेजारी ठेवली. पहिल्यात वजन ८० आहे की ६० हे ओळखता येईना. त्याने फोन लावला, बाहेर जाऊन बोलून आला आणि म्हणाला, "मान मात्र वर पाहिजे हं. हनुवटी पायांवर टेकवलेला नको, आजारी वाटतो." बरोबर बोलला. मीही तेच म्हणणार होते.

साडेदहा

मोत्या आला. पिवळट पांढरा, चार वर्षांचा. हल्ली कुत्र्यांना ब्रूनो, सिंबा, कोको अशी नावं असतात. मोती ठेवणाऱ्या या काकू एकट्याच. त्या सहकारनगरातून रिक्षाने आल्या, मोत्या त्यांच्या पायांशी आणि रिक्षावाला अर्धा मागे वळून त्याच्याशी गप्पा मारत.

पहिला अर्धा तास कॅमेऱ्याला कुणी हात लावत नाही. मोत्याला पट्टा सोडून फिरू दिलं. ठोकळा हुंगला, दिव्याचे स्टँड हुंगले, वाळूच्या पिशव्या फार आवडल्या. माझा मदतनीस खोलीच्या दुसऱ्या टोकाला दिवा उडवत होता, मधे बराच वेळ जाऊ देऊन. प्रत्येक उडण्याबरोबर काकू उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायच्या. पाचव्या-सहाव्याला मोत्या दिवा उडाला की दिव्याकडे न बघता काकूंकडे बघायला लागला. आता चालेल. बिस्किटं मी आणू देत नाही. त्यांचा चुरा ओठांना, मिशांना चिकटतो आणि फोटोत तो कातडीचा रोग वाटतो.

स्टुडिओतले दिवे आम्ही पूर्ण विझवत नाही. अंधारात कुत्र्याची बाहुली एवढी मोठी होते की पिंगट डोळा काळा ठिक्कर दिसतो. वर आणि फ्लॅश लेन्सच्या जवळ असेल तर डोळ्याच्या मागच्या चकाकत्या पडद्यावरून तो हिरवा होऊन परत येतो. म्हणून छताचे साधे दिवे चालू आणि मुख्य फ्लॅश डावीकडे बराच लांब, मोठ्या सॉफ्टबॉक्समध्ये.

सव्वाअकरा

इथे आमची एक युक्ती आहे. जमिनीपासून अडतीस सेंटिमीटरवर, कॅमेऱ्याला आडव्या दोन सुतळ्या ताणलेल्या आहेत, पण फ्रेमच्या बाहेरच्या दोन स्टँडवर तुकड्या-तुकड्यांनी, मधली जागा मोकळी. एक सुतळी पट्ट्याच्या पुढच्या काठावर, दुसरी मागच्या. मदतनीस बाजूला उकिडवा बसतो, एक डोळा मिटतो आणि दोन्ही टोकांच्या सुतळ्या एका रेषेत धरतो. मोत्याचा डोळा दोन सुतळ्यांच्या मधे आला की तो "हा" म्हणतो. मी तेव्हाच बटण दाबते.

कॅमेरा स्वतः डोळा ओळखून फोकस करतो की, असं कुणी विचारेल. करतो, आणि छान करतो. पण मग तो मोत्याच्या मागे मागे जातो. मोत्याने मान चार सेंटिमीटर मागे घेतली की फोकसही मागे जाईल आणि पाऊच हळूच पट्ट्याबाहेर पडेल. छोट्या पडद्यावर ते कळतही नाही. म्हणून फोकस पाऊचवर लावून ऑटो बंद, लेन्सच्या कड्यावर टेप. कॅमेरा स्टँडवर, पायांवर वाळूच्या पिशव्या. पाऊच तिथेच आहे, कुत्र्यालाच त्याच्या रेषेत यायचंय.

मोत्या गालिच्यावर पोटावर बसला. काकू माझ्या उजव्या खांद्यामागे. मी तोंडाने बारीक 'कुई' केलं. मोत्याचे कान पुढे आले, मान तिरकी झाली, तोंड मिटलं. "हा." फ्लॅश. दुसऱ्यांदा कुई. मान दुसऱ्या बाजूला. "नाही... नाही... हा." तिसऱ्यांदा केलं तेव्हा त्याने फक्त एक कान हलवला. आवाज असे चारदाच चालतात, मग कुत्र्याला कळतं की यातून काही निघत नाही. म्हणून मी आवाजांची यादीच करून ठेवते आणि जपून खर्च करते : कुई, चुरगळलेला कागद, किल्ल्या, आणि शेवटी हुकमाचा एक्का म्हणून मोबाइलमधलं मांजर.

फ्लॅश सगळं गोठवतो ही समजूत अर्धीच खरी. कुत्रा मान फिरवतो तेव्हा नाकाचा वेग सहज सेकंदाला एक मीटर असतो. आमचा दिवा पाव ताकदीवर सेकंदाच्या दोन-हजाराव्या भागाएवढा उजळतो. तेवढ्यात नाक अर्धा मिलिमीटर सरकतं, म्हणजे सहा पिक्सेल. मिशीचा केस त्याहून बारीक. पाऊच दगडासारखं स्थिर, अक्षरं करकरीत, आणि शेजारी मिशा पुसलेल्या : बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण कुत्रा नंतर चिकटवलाय असं वाटेल. म्हणून मान वळताना नाही, वळून थांबते त्या क्षणी बटण. कुत्रा ऐकताना श्वाससुद्धा रोखतो. धाप थांबते आणि तोंड मिटतं, तोच तो क्षण.

पण क्लायंटला तोंड उघडं हवंय, 'हसरा'. म्हणजे ऐकून झाल्यानंतरचा अर्धा सेकंद. आवाज संपतो, मोत्या ठरवतो की काही विशेष नाही, जबडा सैल सोडतो, जीभ जरा बाहेर येते. तो खरा हसरा चेहरा. दमलेला किंवा घाबरलेला कुत्राही तोंड उघडतो, पण तेव्हा ओठांचे कोपरे मागे ओढलेले असतात, जीभ टोकाला पळीसारखी रुंद होते, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर दिसते. जाहिरातीतले कितीतरी 'हसरे' कुत्रे खरं तर उकाड्याने हैराण झालेले असतात. कुत्रा पाळणारा माणूस ते ओळखतो आणि नेमका तोच पाऊच विकत घेणारा असतो.

पंचवीस मिनिटांत शंभरेक फ्रेम झाल्या. मोत्याने दोनदा जांभई दिली आणि काही खाल्लं नसताना नाकावरून जीभ फिरवली. मी कॅमेरा सोडला. "थांबू या."

सव्वाबारा

मोत्या पाणी पिऊन एसीखाली पसरला. आम्ही फ्रेम बघत होतो. एकीवर एजन्सीतला दुसरा, जो सकाळपासून गप्प होता, म्हणाला, "याला पाच पाय आहेत का?"

सगळे हसले, पण शंका योग्य होती. मोत्या मधेच कंबर एका कुशीवर टाकून बसला होता. असं बसलं की मागचे दोन्ही पाय एकाच बाजूने बाहेर येतात. प्रत्यक्षात ते स्वाभाविक आहे, सगळे कुत्रे तसे बसतात. पण फोटोत पाऊच आणि ठोकळा मधे असल्यामुळे पलीकडचा पुढचा पंजा झाकला गेला होता, आणि बाहेर दिसणारे तीन पंजे एका ओळीत आले होते. डोळा बिचारा जोडणी करत बसतो आणि हिशेब चुकतो. छापील फोटोत प्राण्याचं शरीर नुसतं खरं असून भागत नाही, प्रत्येक पाय कुठून आला ते दिसावं लागतं.

म्हणून दुसऱ्या फेरीसाठी दोन गोष्टी केल्या. ठोकळा चार सेंटिमीटर बाजूला सरकवला, कॅमेऱ्यापासूनचं अंतर तेवढंच ठेवून, म्हणजे पलीकडच्या पंजाची चार बोटं तरी दिसतील. आणि काकूंना सांगितलं की मोत्याला डाव्या बाजूने फिरवून बसवा, म्हणजे कंबर कॅमेऱ्यापासून दूर पडेल. काकू म्हणाल्या, "त्याला डावं-उजवं कळत नाही गं, मी जिकडे फिरते तिकडे तो फिरतो." मग काकू फिरल्या.

पाऊण

दुसरी फेरी छोटी झाली. कागद, किल्ल्या. मांजर लागलंच नाही. चौतिसाव्या फ्रेमला मदतनीस "हा" म्हणाला, आणि त्याच्या आवाजातच कळलं. लॅपटॉपवर फ्रेम आली : जवळचा डोळा काचेसारखा, त्यात सॉफ्टबॉक्सचा चौकोन, नाकावरचा खवल्यांसारखा पोत पुढच्या काठापर्यंत, पंजाच्या चारही बोटांमधले केस वेगळे. गालावर पाऊचच्या लाल रंगाची हलकी झाक. ती झाक मी कधीच पुसू देत नाही. ती गेली की दोन गोष्टी एका खोलीत होत्या यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

तीन-चार मिशा पाऊचच्या कडेवरून पुढे आलेल्या, लालवर पांढऱ्या. मला त्या फार आवडल्या.

मोत्याला उरलेलं सगळं चिकन मिळालं. काकूंना पाकीट दिलं. त्यांनी ते न मोजता पर्समध्ये टाकलं आणि बाद पाऊचांपैकी दोन मागून घेतली, "शेजारणीला दाखवायला, फोटो आल्यावर."

सव्वादोन

जेवण झालं. आता पाऊच एकटं. कॅमेरा, फोकस, ठोकळा जिथल्या तिथे. फक्त पाऊचचा दुसरा फोटो काढायचा, कारण मोत्याला शोभणारा दिवा पाऊचला शोभत नाही. या पाऊचवर छपाई वरच्या पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूने केलेली असते. शाई आत, चकाकी वर. मोठा सॉफ्टबॉक्स तिच्यावर दुधासारखा पांढरा पट्टा उमटवतो आणि त्याखालची अक्षरं फिकी पडतात.

पोलरायझर लावून ही चकाकी मारायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला होता. दिव्यावर एक पोलरायझिंग शीट, लेन्सवर दुसरा फिल्टर, आणि फिरवला की पट्टा गायब. पण सोबत पाऊचभर इंद्रधनुष्य उमटलं. ही फिल्म बनवताना दोन दिशांनी ताणलेली असते आणि आडव्या-उभ्या पोलरायझरमधे तिचे ताण रंगीत होऊन दिसतात. लोगो जांभळा-हिरवा झाला. शिवाय त्या उजेडात कुत्र्याच्या अंगावरची तकाकी आणि डोळ्यातला ठिपकाही जातो, तो पेंढा भरल्यासारखा दिसतो. म्हणून आता शीट नाही. पाऊच वरून दोन-तीन अंश पुढे कलवलं की त्यात छताचा नाही, जमिनीचा अंधार उमटतो. मग डावीकडून अरुंद पट्टीचा दिवा, फक्त कडेच्या सीलवर एक उभी रेघ यावी एवढा. पुढच्या बाजूला पांढरा पुठ्ठा, जरा लांब. चकाकी पूर्ण घालवायची नसते. चकाकी नसलेलं पाऊच कागदाचं वाटतं.

तासाभराने रेघ बसली. शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर अक्षरं स्वच्छ, पण खालच्या फिक्या गुलाबी भागात लाटा. साडीवर टीव्हीत दिसतात तशा.

भिंग घेतलं. ही छपाई ग्रॅव्ह्युअरची, धातूच्या सिलिंडरवर कोरलेल्या खळग्यांमधून शाई येते. गडद रंगात खळगे एकमेकांत मिसळतात, फिक्या रंगात सुटे ठिपके दिसतात. मोजले तर एका मिलिमीटरमध्ये जवळजवळ सात. आपल्याकडे मिलिमीटरला बारा पिक्सेल. ठिपक्यांची एक ओळ नीट दिसायला किमान दोन पिक्सेल लागतात, म्हणजे सातला चौदा हवे. दोन कमी पडले आणि कॅमेऱ्याने त्या जागी स्वतःच्या मनाच्या लाटा काढल्या.

याला साधा उतारा आहे : ॲपर्चर एफ १६ करायचं. छिद्र बारीक केलं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि सर्वांत बारीक तपशील लेन्समधूनच पुसला जातो. एरवी आम्ही त्याला शिव्या घालतो. इथे पुसला जाणारा तपशील म्हणजे नेमके ते ठिपके. अक्षरांच्या रेघा ठिपक्यांपेक्षा जाड, त्या टिकतात. दिव्यांची ताकद दुप्पट केली, लाटा गेल्या, गुलाबी भाग सपाट झाला. एफ २२ ला जाऊन पाहिलं, तेव्हा मात्र उकार पुन्हा गुठळी होऊ लागला. सोळाच बरोबर.

पाच

ताई आली. तिच्या कॉम्प्युटरवर मोत्याची चौतिसावी फ्रेम खाली, पाऊचचा फोटो वर. दोन्हीत पाऊच त्याच जागी, तेवढंच मोठं, म्हणून पुढे आलेल्या मिशांपुरती जागा सोडून वरचं खालच्यावर पिक्सेलला पिक्सेल बसलं. धुकं नाही, रुंद कडा नाहीत. ती फक्त म्हणाली, "शिकलीस."

एजन्सीचा आग्रह होता की फोटोतलं लेबल काढून मूळ आर्टवर्कची फाइल चढवावी, म्हणजे "एकदम शार्प". बरेच जण करतात. ताईने करून दाखवलं. अक्षरं खरंच सुरीसारखी झाली, आणि शेजारचा मोत्या एकदम धूसर वाटायला लागला. त्याच्या एका पिक्सेललाही धक्का लागला नव्हता. शेजाऱ्याच्या कडा त्याच्यापेक्षा तीक्ष्ण झाल्या, एवढंच. दोघांना एकाच लेन्सचा मऊपणा असला तरच दोघं लख्ख दिसतात. आर्टवर्क काढून टाकलं. फक्त वजनाच्या आकड्याजवळ एक ओरखडा होता तो तिने भरला.

साडेसात

पूर्ण मापातला एक भाग कागदावर काढून भिंतीला लावला. हातभर अंतरावर उभं राहून ओळ वाचली. वाचता आली. डोळा बघितला. आहे.

मग ताईने बोट ठेवलं. पाऊचच्या उजव्या कडेवर, लालवर, एक पांढरा केस. "ही मिशी का चिकटलेला केस?"

मी जवळ गेले. मिशी मुळाशी जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते, शिवाय ओठांवरच्या ठिपक्यांच्या ओळीतूनच निघते. या केसाची दोन्ही टोकं सारखीच बारीक होती आणि मध्ये तो किंचित वळलेला. त्याची सावलीही अगदी त्याला चिकटून, म्हणजे पाऊचवर पडलेला. सकाळी हातमोजे घालून एवढा जपलेला पत्रा, आणि मोत्याचा एक केस त्यावर बसून दिवसभर सगळ्यांच्या नजरेतून सुटला.

"काढ," मी म्हटलं. ताईने ब्रश उचलला, मग थांबून त्याच्या शेजारची दुसरी रेघ मोठी केली. ती मुळाशी जाड होती. तिने तिला हात लावला नाही.